नवा फोन मागे, जुना पुढे

आमच्या शेजारच्या काकू रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जातात. पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं एक ॲप त्यांनी तिथे मैत्रिणीच्या फोनवर पाहिलं आणि घरी येऊन स्वतःच्या फोनवर शोधलं. प्ले स्टोअरवर ‘इन्स्टॉल’च्या जागी एक ओळ होती: Your device isn't compatible with this version. मैत्रिणीचा फोन चार वर्षांचा, अँड्रॉइड ११ चा. काकूंचा मात्र गेल्या दिवाळीत लक्ष्मी रोडवरून घेतलेला, २ जीबी रॅमचा, अँड्रॉइड १३ चा. “जुन्याला मिळतं आणि नव्याला नाही, हा कुठला न्याय रे?” असं म्हणत त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

मला आधी देशाची शंका आली, कारण काकूंचं गुगल खातं त्यांच्या मुलानं अमेरिकेहून उघडून दिलं होतं. ॲप कोणत्या देशांत द्यायचं हे ते बनवणारा ठरवतो, आणि स्टोअर त्यासाठी खात्यावर नोंदलेला देश बघतं. फोन पुण्यात असला तरी खातं परदेशातलं असू शकतं. पण हेच खातं मैत्रिणीच्या फोनवर जोडून पाहिलं, तर ‘इन्स्टॉल’ लगेच दिसलं. म्हणजे देशाची आडकाठी नव्हती.

मग अँड्रॉइडची आवृत्ती. प्रत्येक ॲपमध्ये त्याला लागणारी किमान आवृत्ती लिहिलेली असते. ११ वर चालणारं ॲप १३ ला ‘जुना’ म्हणून नाकारणार नाही. उलटं मात्र घडतं: फार दिवस सुधारणा न झालेली ॲप्स स्टोअर नव्या अँड्रॉइडवर नव्या लोकांना दाखवत नाही. पण तेव्हा संदेशात ते ॲप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं असल्याचं स्पष्ट म्हटलेलं असतं. शिवाय हे ॲप महिन्याभरापूर्वीच अपडेट झालं होतं.

उरला प्रोसेसर, आणि खरी गंमत इथेच आहे. काकूंच्या फोनच्या खोक्यावर प्रोसेसर ६४-बिटचा असल्याचं छापलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फोन संगणकाला जोडून, संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या adb या साधनानं मी त्यालाच विचारलं:

```
adb shell getprop ro.product.cpu.abilist
armeabi-v7a,armeabi
```

फोन कोणकोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार केलेले प्रोग्रॅम चालवू शकतो, त्याची ही यादी. तिच्यातली दोन्ही नावं ३२-बिटची. arm64-v8a हे ६४-बिटचं नाव यादीत नाहीच. चिप ६४-बिटची, पण कंपनीनं तिच्यावर बसवलेलं अँड्रॉइड ३२-बिटचं!

कंपनी असं का करते? कारण रॅम. मेमरीतली एखादी जागा दाखवणारा पत्ता ३२-बिट प्रोग्रॅममध्ये ४ बाइटचा असतो, ६४-बिटमध्ये ८ बाइटचा. एकेका ॲपमध्ये असे पत्ते लाखोंनी असतात. ३२-बिट पत्त्यांनी ४ जीबीपर्यंतची मेमरी गाठता येते, त्यामुळे २ जीबीच्या फोनला ते पुरतात आणि रॅमही वाचते. स्वस्त फोन रखडू नये म्हणून केलेली ही काटकसर आहे. मला ती लबाडी वाटत नाही, पण खोक्यावर सांगायला हवी होती.

आता ॲपची बाजू. निव्वळ जावा किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेलं ॲप दोन्हीकडे चालतं, कारण त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर फोनवरच होतं. पान ओळखण्यासारखं जड गणित मात्र सहसा सी++ मध्ये लिहून आधीच प्रोसेसरच्या भाषेत तयार केलेलं असतं. ॲपच्या फाइलमध्ये lib नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रकारासाठी वेगळा संच लागतो. ६४-बिटचा संच द्यायलाच हवा, असा प्ले स्टोअरचा नियम २०१९ च्या ऑगस्टपासून आहे. ३२-बिटचा देण्याची सक्ती नाही. दोन्ही संच तपासायचे म्हणजे काम वाढतं, म्हणून काही जण ३२-बिटचा वगळतात. ३२-बिट अँड्रॉइडला ६४-बिटचा संच चालवता येत नाही, आणि फोनच्या यादीतली नावं आणि संचाचं नाव जुळत नाही एवढं पाहून स्टोअर नकार देतं. मैत्रिणीच्या जुन्या फोनच्या यादीत arm64-v8a होतं.

काकूंच्या भाच्यानं मध्येच ॲपची फाइल बाहेरून आणून टाकायचा प्रयत्न केला. App not installed, एवढंच उत्तर आलं. तीच फाइल मी संगणकावरून टाकली तेव्हा कारणही दिसलं: INSTALL_FAILED_NO_MATCHING_ABIS. इथे स्टोअरला चकवूनही उपयोग नसतो. अपडेटची वाट पाहण्यातही फारसा अर्थ नाही, कारण नेहमीच्या अपडेटनं ३२-बिटचं अँड्रॉइड ६४-बिटचं होत नाही.

ही यादी दरवेळी उत्तर देईलच असं नाही. ॲप बनवणारा रॅम कमी म्हणून किंवा एखादं मॉडेल नको म्हणूनही फोन वगळू शकतो. तेव्हा यादीत arm64-v8a असूनही तोच संदेश येतो, आणि कारण त्यालाच विचारावं लागतं.

काकूंच्या कपाटात मुलाचा काच तडकलेला जुना फोन पडून होता. त्याच्या यादीत हवं ते नाव निघालं. आता सिमकार्ड नसलेला तो फोन त्यांच्या पिशवीत असतो. टेकडीवर फोटो काढायचे आणि घरी वायफायवर नावं बघायची, असं चाललं आहे.