बुडालेले पैसे काढून देणारा एजंट

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेल्यांना पुढे ‘पैसे काढून देतो’ असा एजंटचा फोन येतो, आणि त्यांना वाटतं: “त्याला माझी गेलेली रक्कम, तारीख सगळं ठाऊक होतं. म्हणजे एजंट खरा. थोडी फी आधी भरली की पैसे परत मिळतील.”

तपशील ठाऊक असतो, कारण फसलेल्यांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. कधी तर टोळीही तीच असते. इंदूरच्या आमच्या काकूंचे ८५,००० गेले होते. फोनवाल्याने ४,५०० ‘फाइल चार्ज’ घेतला, मग ‘टॅक्स’चे ९,००० मागितले. काकू म्हणाल्या, “मिळालेल्या पैशातूनच कापून घ्या ना.” त्याने फोनच ठेवला. ही परीक्षा कोणालाही करता येते.

रक्कम ठगाच्या खात्यात गोठवली गेली असेल, तर ती पोलीस-कोर्टाच्या प्रक्रियेतून आपल्या खात्यात येते. पुढे काढली गेली असेल, तर एजंटच्याही हातात काही नसतं. १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार केल्यावर मिळालेल्या नंबराने स्थिती स्वतः पाहता येते. असा फोन आला तर तोही तिथेच कळवा.