ओळी उघडणं वेगळं, थर चढवणं वेगळं

'मी स्लाइड टप्प्याटप्प्याने उघडतो' असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, म्हणजे नक्की काय? क्लिकसरशी एकेक ओळ दिसणं वेगळं. आधी अख्खी प्रक्रिया ढोबळ दाखवून नंतर तिच्या पोटात शिरणं वेगळं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून घोळ होतो.

पर्वती जलकेंद्राच्या सहलीआधी आठवीच्या मुलांना खडकवासल्याचं पाणी नळापर्यंत कसं येतं ते सांगायचं होतं. पहिल्या खेपेला मी ओळीच उघडल्या: धरण, तुरटी, गाळ बसणं, वाळूची गाळणी, क्लोरीन, टाकी, नळ. तिसऱ्या क्लिकला पाणी हौदातच अडकलेलं आणि पुढे अजून किती बाकी आहे याचा कुणालाच पत्ता नाही.

मग थर केले. पहिल्या स्लाइडवर तीनच चौकटी: धरण, शुद्धीकरण, नळ. इथे थांबलो तरी पाणी घरी पोचतं, आणि थर जमलाय की नाही याची खूण हीच. Ctrl+D दाबून तीच स्लाइड पुन्हा घेतली. धरण आणि नळ जागेवरच ठेवले, फक्त फिके केले. मधली चौकट रुंद करून तिच्यात चार घरं काढली: तुरटी मिसळणं, गाळ बसणं, वाळूतून गाळणं, क्लोरीन. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून आपणहून खाली बसत नाहीत. तुरटीमुळे त्यांचे गुठळे होतात आणि ते जड होऊन तळाशी जातात. तिसऱ्या स्लाइडवर फक्त गाळणी उघडली. वाळूत घाण साचली की पाणी मंदावतं, मग खालून उलटं पाणी सोडून ती धुवावी लागते.

माझी एक चूक सांगतो. आधी मी मधल्या चौकटीला 'गाळणी' असं सुटसुटीत नाव दिलं होतं. दुसऱ्या थरात गाळणीच्या आत पुन्हा गाळणी आली आणि एका मुलीने विचारलं, "सर, पाणी दोनदा गाळतात का?" शिवाय जंतू मारायचं काम क्लोरीनचं, ते त्या नावात कुठेच नव्हतं. वरच्या थरात तपशील गाळले तर चालतं, पण जे नंतरच्या थरात मागे घ्यावं लागेल ते तिथे लिहू नये. चौकटीची जागा किंवा रंग बदलला तरी असाच गोंधळ होतो. 'हे शुद्धीकरणाच्या आधी की नंतर?' असा प्रश्न आला, की समजावं, धागा तुटला.

ओळी उघडणं टाकाऊ नाही. दुसऱ्या थरातली चार घरं मी एकेक करूनच दाखवतो, कारण तिथे क्रम महत्त्वाचा. पण तीन थर एकाच स्लाइडवर अ‍ॅनिमेशनने रचू नका. मी तसं करून शाळेतल्या एका बाईंना पीडीएफ पाठवली होती. त्यात सगळ्या चौकटी एकमेकींवर बसल्या आणि नळ गाळणीखाली गडप झाला.