दर चित्राला दहा रुपये

मे महिन्यात बहिणीचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे कोथरूडला आला होता, वय वर्षं सहा, आणि त्याला एकच नाद, पीएमटीच्या बसची चित्रं काढायची. बसचा नंबर, दाराला लटकलेला माणूस, कंडक्टरच्या खांद्यावरची बॅग, सगळं यायचं, एका बसला तास तास जायचा. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं दर चित्राला दहा रुपये देतो. पहिल्याच दिवशी सात बस आल्या! सातवीला एकच चाक होतं आणि आत कोणीच नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्याकडे सुट्टे नव्हते तर पठ्ठ्या म्हणतो, "मग राहू दे मामा", आणि स्केचपेन तशीच टाकून खाली सायकल फिरवायला गेला.

आता यावरून पैशाने गोडी घालवली असं म्हणणं घाईचं होईल, कदाचित त्याला बसचाच कंटाळा आला असेल. एका पोरावरून हे कळतच नाही. नेमका हाच गुंता मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली छापलेल्या प्रयोगात सोडवला, आणि मला तो त्यातल्या एका साध्या युक्तीसाठी फार आवडतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं होती. आधी वर्गात जाड मार्कर ठेवले आणि एकतर्फी आरशामागून बघितलं की आपणहून चित्रं काढायला कोण बसतंय. ज्यांना मुळात आवड दिसली तीच मुलं घेतली, हे महत्त्वाचं, कारण नसलेली आवड कमी कशी होणार. मग एकेकाला वेगळ्या खोलीत नेऊन सहा मिनिटं चित्रं काढायला लावली. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्रं काढलीस तर सोनेरी सील आणि लाल रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही पण शेवटी तेच सर्टिफिकेट अचानक हातात दिलं. तिसऱ्याला ना सांगितलं ना दिलं.

एक-दोन आठवड्यांनी मार्कर परत वर्गात ठेवले, आता बक्षीस वगैरे काही नाही, मन असेल तर काढा. पहिल्या गटातली मुलं मोकळ्या वेळातला साधारण 8.6 टक्के वेळ चित्रांवर घालवत होती, काहीच न मिळालेली 16.7 टक्के, आणि अचानक बक्षीस मिळालेली 18.1 टक्के. म्हणजे ठरवून बक्षीस दिलेल्यांचा वेळ जवळजवळ निम्मा!

युक्ती आहे ती या दुसऱ्या गटात. बक्षीस हीच वाईट गोष्ट असती तर हा गटही घसरायला हवा होता, सर्टिफिकेट तर तेच होतं ना. घसरला तो फक्त आधी सौदा झालेला गट. लेपर मंडळींचं म्हणणं असं, की आपण एखादी गोष्ट का करतोय हे माणूस बरेचदा स्वतःकडे बाहेरून बघूनच ठरवतो, आणि समोर बक्षिसासारखं ढळढळीत कारण असलं की आपल्याला हे आवडतं हे आतलं कारण मागे पडतं. मग बक्षीस गेलं की करायला कारणच उरत नाही. अचानक मिळालेलं बक्षीस चित्र झाल्यावर आलं, ते चित्र काढण्याचं कारण होऊच शकत नाही.

आणि माझ्या एका चाकाच्या बसचंही उत्तर तिथेच आहे. त्या सहा मिनिटांतल्या चित्रांना परीक्षकांनी गुण दिले तेव्हाही सौदा झालेल्या गटाची चित्रं उतरती निघाली. साहजिकच आहे, दर नगाला भाव ठरवला की नग वाढणार, मी बसला पैसे देत होतो, कंडक्टरच्या बॅगेला नाही.

यावर नंतर भरपूर भांडणं झाली बरं का, बक्षिसाने काही बिघडत नाही असं म्हणणारेही संशोधक होते. 1999 साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 128 प्रयोग एकत्र तपासले तेव्हा साधारण असंच चित्र आलं: आधी कबूल केलेल्या वस्तू किंवा पैशाने आवडीच्या कामातली गोडी कमी होते, अनपेक्षित बक्षिसाने होत नाही, आणि शाब्बासकीने उलट वाढते, फक्त लहान मुलांत शाब्बासकीचा हा फायदा मोठ्यांइतका दिसला नाही. कंटाळवाण्या कामात मात्र हा तोटा दिसत नाही, तिथे घालवायला गोडी असतेच कुठे.

म्हणून सतरा आणि एकोणीसच्या पाढ्याला मी अजूनही सरळ मस्तानीची लाच देतो, पूर्ण म्हटला की चल. बसचे दर बंद केलेत. दिवाळीत आला तेव्हा त्याने स्केचपेन मागितले, पण आता मेट्रो काढतोय, आणि मी नुसतं विचारलं की हा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, तर वीस मिनिटं सांगत होता.