मेंढपाळाचा पोर आणि हिशेबाची वही

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एखाद्या मुलीने सूर चांगला लावला की परीक्षक हमखास म्हणतात, "हे शिकवून येत नाही, ही दैवी देणगी आहे." त्या मुलीचा रोजचा पहाटेचा रियाज आणि तिला शिकवणारे गुरुजी त्या एका वाक्यात पुसले जातात. मला हे वाक्य फार खटकते. कलावंत जन्मावाच लागतो, ही समजूत आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास असेल असे मनातही येत नाही. निदान युरोपातल्या चित्रकार-शिल्पकारांपुरता तो इतिहास बराच स्पष्ट दिसतो. पंधराव्या आणि सोळाव्या शतकात, मुख्यतः फ्लॉरेन्स शहरात, काही माणसांनी लिहिलेल्या चरित्रांतून ती समजूत घडत गेली. कवीला दैवी वेड लागते असे ग्रीक लोक फार पूर्वीपासून म्हणत. हाताने रंग घोटणाऱ्या माणसाला तो मान नव्हता.

सुरुवात एका प्रसिद्ध गोष्टीने करू. फ्लॉरेन्सजवळच्या वेस्पिन्यानो या खेड्यात जोत्तो नावाचा मुलगा मेंढ्या राखत असे. मेंढ्या चरत असताना तो दगडावर मेंढीचे चित्र काढत बसला होता. त्या वाटेने चिमाब्यू हा त्या काळचा नामवंत चित्रकार चालला होता. त्याने ते चित्र पाहिले, तो थक्क झाला आणि मुलाच्या वडिलांना विचारून त्याला आपल्यासोबत घेऊन गेला. पुढे जोत्तोने इटलीतली चित्रकला बदलून टाकली.

ही गोष्ट लोरेन्झो गिबर्ती या शिल्पकाराने 1450 च्या सुमारास लिहिली. जोत्तोचा मृत्यू 1337 चा, म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली होती. शंभर वर्षांनी जॉर्जो वसारीने ती आणखी रंगवली. वसारी स्वतः चित्रकार आणि वास्तुकार. त्याने इटलीतल्या कलावंतांची चरित्रे लिहिली आणि 1550 मध्ये छापली. 1568 मध्ये त्याने त्यांची वाढवलेली आवृत्ती काढली. आज आपण या कलावंतांविषयी जे किस्से ऐकतो, त्यांतले बहुतेक या ग्रंथातून आलेले आहेत.

आता हा ग्रंथ सलग वाचला तर काय दिसते? आंद्रेआ सान्सोविनो गुरे राखताना वाळूत चित्रे काढत होता आणि एका सधन माणसाच्या नजरेस पडला. दोमेनिको बेक्काफूमीही मेंढ्या राखताना ओढ्याकाठच्या वाळूत चित्रे काढत होता, त्यालाही एका जमीनदाराने उचलले. आंद्रेआ देल कास्तान्यो रानात गुरांमागे फिरता फिरता भिंतींवर आणि दगडांवर चित्रे काढत होता, तोही मेदिची या बड्या घराण्यातल्या एकाच्या नजरेस पडला. एक मुलगा असा सापडला असता तर आपण मानले असते. पण एकाच ग्रंथात चार जण त्याच पद्धतीने सापडतात, तेव्हा ती त्या मुलांची हकिगत राहत नाही, लेखकाच्या हाताशी असलेला साचा ठरतो.

1934 मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट क्रिस आणि ओटो कुर्झ या दोन कला-इतिहासकारांनी हाच धागा पकडला. किस्सा खरा की खोटा, हा प्रश्न त्यांनी थोडा बाजूला ठेवला. तोच किस्सा आणखी कोणाकोणाला चिकटला आहे आणि सर्वांत जुना कुठे सापडतो, हे ते शोधत गेले. लोककथांचे अभ्यासक एकाच कथेची वेगवेगळी रूपे शेजारी मांडून पाहतात, तशीच ही रीत आहे आणि मला ती विलक्षण आवडते, कारण ती कोणालाही वापरता येते.

जोत्तोच्या गोष्टीवर ती वापरून पाहू. मागे जाता जाता आपण रोमन लेखक प्लिनीपर्यंत पोहोचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने लिहिले आहे की लिसिप्पस हा महान ग्रीक शिल्पकार कोणाचाच शिष्य नव्हता. तो आधी साधा तांबट होता. युपोम्पस या चित्रकाराला कोणीतरी विचारले, तुम्ही पूर्वसूरींपैकी कोणाचे अनुकरण करता? त्याने समोरच्या गर्दीकडे बोट दाखवून सांगितले, अनुकरण निसर्गाचे करावे, कलावंताचे नाही. यातून लिसिप्पसने धडा घेतला. साध्या घरातला मुलगा, निसर्ग हाच गुरू आणि थोरामोठ्याशी योगायोगाने पडलेली गाठ, असे जोत्तोच्या गोष्टीचे तिन्ही भाग इथे तयार आहेत. गिबर्तीला हे माहीत होते का? नक्कीच होते. त्याच्या लिखाणाचा पहिला भाग प्राचीन कलावंतांविषयी आहे आणि तो बराचसा प्लिनीवरूनच घेतलेला आहे. जोत्तोची गोष्ट येते ती दुसऱ्या भागात. पुढे 1476 मध्ये प्लिनीचा ग्रंथ इटालियन भाषांतरात छापला गेला, तेव्हा लॅटिन न येणाऱ्यांच्याही हाती हे किस्से आले.

तोच किस्सा आधी दुसऱ्या कोणाला चिकटलेला सापडणे, ही गोष्ट रचलेली असल्याची पहिली खूण. दुसरी खूण अशी, की गोष्टीची आणखी जुनी आवृत्ती मिळते आणि ती वेगळी असते. इटालियन कवी दांतेच्या महाकाव्यावर चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या एका निनावी टीकेत जोत्तोच्या वडिलांनी त्याला लोकरीच्या धंद्यात शिकाऊ म्हणून लावलेले आहे. मुलगा रोज कामावर जाताना चिमाब्यूच्या चित्रशाळेत रेंगाळतो. इथे गाव नाही, मेंढ्या नाहीत, दगडही नाही. शहरातला एक मुलगा आहे आणि त्याच्या वाटेवर एक चित्रशाळा आहे. नंतरच्या पिढ्यांनी ही चित्रशाळा काढून तिथे कुरण आणले.

तिसरी खूण सर्वांत पक्की, पण ती क्वचितच मिळते. ती म्हणजे कागदपत्र. इथे मायकेलअँजेलोचे प्रकरण पाहायलाच हवे.

1550 च्या आवृत्तीत वसारीने लिहिले होते की मायकेलअँजेलो लहानपणी दोमेनिको गिरलांदायो या चित्रकाराकडे शिकायला होता. मायकेलअँजेलो तेव्हा हयात होता आणि त्याला हे रुचले नाही. तीन वर्षांनी, 1553 मध्ये, त्याचा शिष्य आस्कानियो कोंदिवी याने गुरूचे नवे चरित्र छापले. त्यातला बराच मजकूर खुद्द मायकेलअँजेलोने सांगितलेला आहे, असे अभ्यासक मानतात. त्यात गिरलांदायो गुरू म्हणून नाहीच. उलट तो मत्सरी आहे आणि आपली रेखाचित्रांची वही मुलाला देत नाही. मुलगा एका जर्मन छापचित्रावरून राक्षस रंगवतो आणि त्यासाठी मासळीबाजारात जाऊन माशांच्या परांचे रंग बघून येतो. पुन्हा निसर्ग हाच गुरू. गिरलांदायोकडून काहीही मदत झाली नाही, असे कोंदिवी स्पष्ट सांगतो.

वसारीला हे झोंबले. 1568 पर्यंत मायकेलअँजेलो वारला होता. नव्या आवृत्तीत वसारीने गिरलांदायोच्या वारसांकडे असलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंदच छापून टाकली. तारीख 1 एप्रिल 1488. मुलाचे वडील लोदोविको आपल्या मुलाला दोमेनिको गिरलांदायो आणि त्याचा भाऊ दाविद यांच्याकडे तीन वर्षांसाठी ठेवत आहेत. मुलाने चित्रकला शिकायची आणि मालक सांगतील ते काम करायचे. मोबदला एकूण 24 फ्लोरिन, पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी आठ आणि तिसऱ्या वर्षी दहा. खाली 16 एप्रिलला दोन फ्लोरिन दिल्याची नोंद. मायकेलअँजेलो तेव्हा तेरा वर्षांचा होता. विसाव्या शतकात आणखी एक कागद उजेडात आला. त्यानुसार जून 1487 मध्येच हा मुलगा गिरलांदायोच्या वतीने पैसे आणायला गेला होता.

या नोंदीवरून मुलगा सामान्य होता असे ठरत नाही. तेराव्या वर्षीच पैसे देऊन ठेवला, म्हणजे हात कामाचा असणार. पण तो कोणाकडे शिकलाच नाही, हे विधान मात्र या वहीपुढे टिकत नाही.

गंमत अशी की ज्या वसारीने ही वही छापली, त्यानेच त्या चरित्राची सुरुवात कशी केली आहे? चित्रकार चुकत-माकत धडपडत असलेले पाहून देवाने एक आत्मा पृथ्वीवर पाठवला, अशी! कोंदिवीने मायकेलअँजेलोच्या जन्मवेळेची ग्रहस्थितीही दिली आहे. बुध आणि शुक्र गुरूच्या घरात शुभदृष्टीने होते, म्हणून हा माणूस थोर होणार होता. हे लिहिले तेव्हा मायकेलअँजेलो 78 वर्षांचा आणि जगप्रसिद्ध होता. कीर्ती आधी आली आणि पत्रिका मागाहून जुळवली गेली. त्याच वेळी जन्मलेल्या इतर मुलांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. आजही यशस्वी माणसांच्या पत्रिका याच पद्धतीने छापल्या जातात. फ्लॉरेन्सचाच तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याने 1489 मध्ये शनीला बुद्धिमंतांचा आणि उदास प्रतिभावंतांचा ग्रह ठरवले होते. आपल्याकडे साडेसातीला घाबरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. ग्रह तोच, फक्त सांगणारा बदलला की फळ उलटे होते.

पण कलावंतांना या सगळ्याची गरज का पडली? कारण त्यांचा दर्जा. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांची नोंद वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक संघात होत असे, कारण रंगद्रव्ये औषधांच्याच दुकानात मिळत. 1485 मध्ये त्याच गिरलांदायोने एका अनाथालयासाठी चित्र काढायचा करार केला. त्यात किंमत 115 फ्लोरिन, मुदत तीस महिने आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनचाच हवा, अशी अट आहे. हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून बनत असे. प्रतिभेविषयी करारात अवाक्षर नाही. चित्रकार स्वतःच्या हाताने रंगवेल एवढीच अट आहे. ग्राहक उत्तम माल आणि कुशल हात विकत घेत होता.

मायकेलअँजेलोला या जगाशी नाते नको होते. 1548 मध्ये त्याने पुतण्याला पत्रातून बजावले की मी दुकान थाटून बसणाऱ्यांसारखा चित्रकार किंवा शिल्पकार कधीच नव्हतो. 1563 मध्ये वसारीच्या पुढाकाराने फ्लॉरेन्समध्ये कलावंतांची अकादमी स्थापन झाली आणि 1571 मध्ये तिच्या सदस्यांना संघाच्या सक्तीतून मोकळीक मिळाली. दैवी देणगीची भाषा या सुटकेसाठी उपयोगी होती. ज्याला देवाने पाठवले, त्याला औषधविक्रेत्यांच्या रांगेत कसे उभे करणार?

वसारीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. मृत्यूपूर्वी मायकेलअँजेलोने आपली कित्येक रेखाचित्रे आणि कच्चे आराखडे जाळले, आपण किती कष्ट घेतले ते कोणाला दिसू नये म्हणून. सुदैवाने सारेच जळले नाही, काहीशे कागद उरले आहेत. तरुणपणीच्या एका कागदावर, जो आज म्युनिकमध्ये आहे, त्याने मसाच्चो या आधीच्या चित्रकाराच्या भित्तिचित्रातल्या संत पीटरची नक्कल केली आहे आणि छायेसाठी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा वापरल्या आहेत. ही गिरलांदायोच्या चित्रशाळेतली रीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सिस्टाइन चॅपेलच्या छतावरल्या लिबियन सिबिल या भविष्यवेत्तीच्या आकृतीसाठी लाल खडूने केलेला अभ्यास आहे. तिथे त्याने पुरुष मॉडेल बसवून पाठीचे स्नायू रेखले. मग कागदाच्या मोकळ्या जागेत चेहरा पुन्हा काढला, हात काढला आणि डाव्या पायाची बोटे एकदा काढून समाधान झाले नाही म्हणून पुन्हा पुन्हा काढली, कारण त्या आकृतीचा सारा भार त्या बोटांवर येणार होता.