टीव्ही किती वेळ चालेल, हे व्हीए सांगत नाही

‘टीव्हीसाठी किती व्हीएचा यूपीएस घेऊ?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘सहाशेचा पुरे, पण जास्त वेळ चालवायचा असेल तर हजाराचा घ्या.’ सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं कारण बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. व्हीएचा आकडा ती पेटी एका वेळी किती भार पेलेल एवढंच सांगतो. तो भार किती वेळ पेलेल, हे आत ठेवलेली बॅटरी ठरवते, आणि तिचा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने सुटत नाही. का सुटत नाही, ते समजलं की निवड बरीच सोपी होते.

आधी भाराचं पाहू, कारण ते लवकर उरकतं. ४३ इंची एलईडी टीव्ही घेऊ. मागच्या स्टिकरवर ११० वॅट लिहिलं आहे, पण तो कमाल आकडा असतो. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो. तो लावून नेहमीच्या ब्राइटनेसवर टीव्ही पाहिला तर ६८ वॅटच्या आसपास दिसेल. ब्राइटनेस कमी केला की आकडा लगेच खाली येतो, कारण या टीव्हीत सर्वांत जास्त वीज पडद्यामागचे दिवे खातात. सेट-टॉप बॉक्सचे १२ वॅट त्यात धरायचे. ते लोक हमखास विसरतात आणि मग वीज गेल्यावर टीव्ही सुरू राहतो, पण पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढंच दिसतं. एकूण झाले ८० वॅट.

आता ८० वॅट म्हणजे ८० व्हीए नव्हे. टीव्हीचा पॉवर सप्लाय आलेली एसी वीज आधी डीसी करून एका कपॅसिटरमध्ये साठवतो. हा कपॅसिटर व्होल्टेजची लाट शिखराजवळ पोचली की तेवढ्यापुरताच करंट ओढतो, एरवी गप्प असतो. अशा झटक्याझटक्याने ओढलेल्या करंटमुळे तारांवर आणि यूपीएसमधल्या इन्व्हर्टरवर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज एसी करणाऱ्या सर्किटवर, पडणारा ताण वॅटच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. हा ताण व्हीएमध्ये मोजतात. वॅट भागिले व्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. लहान उपकरणांत तो ०.६ च्या आसपास असतो, म्हणजे आपले ८० वॅट साधारण १३५ व्हीए होतात. मोठ्या टीव्हींमध्ये हा करंट सुधारणारं सर्किट असतं, कारण ७५ वॅटच्या वरच्या टीव्हींसाठी त्याबाबतचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिथे वॅट आणि व्हीए जवळजवळ सारखेच येतात. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅटची मर्यादाही छापलेली असते. आपला भार दोन्ही मर्यादांच्या पाव हिश्शाच्या आत आहे. भाराचा प्रश्न इथेच संपला.

खरी गंमत बॅटरीत आहे. अशा ६०० व्हीएच्या पेटीत साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक सीलबंद बॅटरी असते. बारा गुणिले सात म्हणजे ८४ वॅट-तास. भार ८० वॅटचा, तेव्हा टीव्ही तासभर चालायला हवा. थोडा शहाणा माणूस म्हणेल, इन्व्हर्टरमध्येही वीज वाया जाते. भाराला ८० वॅट द्यायचे तर बॅटरीतून १०० वॅट निघतात, आणि भाराखाली व्होल्टेज अकराच्या आसपास उतरतं, म्हणजे साधारण ९ अँपिअर. सात भागिले नऊ, ४७ मिनिटं. प्रत्यक्षात नवीकोरी बॅटरी असली तरी चोवीस-पंचवीस मिनिटांत पेटी टूं-टूं करून बंद पडते. मग लोक दुकानदाराला शिव्या देतात, पण यात त्याने लबाडी केलेलीच असते असं नाही.

बॅटरीवरचे ७ अँपिअर-तास एका अटीवर दिलेले असतात, आणि ती अट शेजारीच बारीक अक्षरांत छापलेली असते: 20HR, म्हणजे वीस तास. सातला विसाने भागलं की ०.३५ अँपिअर येतात. एवढ्या संथ गतीने वीज काढली तरच ७ अँपिअर-तास मिळतील, असा त्याचा अर्थ. आपण काढतोय ९ अँपिअर, त्याच्या पंचवीसपट!

वेगाने काढलं की कमी का मिळतं? शिसं-आम्ल बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल नुसतं वीज वाहून नेत नाही, ते स्वतः खर्च होतं. एका पट्टीवर शिसं असतं, दुसरीवर शिशाचं डायऑक्साइड. वीज निघताना दोन्हींचं शिशाचं सल्फेट होतं आणि आम्लाच्या जागी पाणी तयार होतं. ही क्रिया नुसती पट्टीच्या पृष्ठभागावर होत नाही, तर मुख्यतः पट्टीच्या आतल्या बारीक छिद्रांमध्ये होते, आणि तिथे आम्ल अगदी थोडं मावतं. ते संपलं की बाहेरचं आम्ल छिद्रांतून हळूहळू झिरपत आत यावं लागतं. विहिरीचा उपसा झऱ्यांपेक्षा जोरात केला की तळ दिसतो, तसंच इथे घडतं. शिवाय तयार होणारं सल्फेट मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे छिद्रांची तोंडं बुजत जातात आणि पट्टीच्या पोटातलं शिसं वापराविना पडून राहतं. आतलं आम्ल पातळ झालं की व्होल्टेज घसरतं. ते साडेदहा-दहा व्होल्टपर्यंत उतरलं की यूपीएस स्वतःहून बंद होतो. बॅटरीत अजून माल शिल्लक असतो, पण तो वेळेवर जागेवर पोचत नाही.

याचा पुरावा घरबसल्या पाहता येतो. बंद पडलेला यूपीएस अर्धा तास तसाच ठेवून बटण दाबा. तो पुन्हा चालू होतो आणि टीव्ही आणखी काही मिनिटं चालतो. तेवढ्या वेळात बाहेरचं आम्ल छिद्रांत पोचलेलं असतं. (एकदा पाहायला ठीक आहे, सवय लावली तर बॅटरीची वाट लागेल.)

उपशाचा वेग आणि मिळणारा वेळ यांचा हा संबंध १८९७ साली जर्मनीतल्या विल्हेल्म पॉयकर्ट यांनी सूत्रात बसवला. ज्यांना आकडेमोड आवडत नाही त्यांनी पुढची ओळ खुशाल गाळावी:

```
t = H × (C / (I × H))^k
```

H म्हणजे बॅटरीवर छापलेले तास, C अँपिअर-तास, I आपण काढत असलेला करंट, t मिळणारे तास, आणि k हा त्या बॅटरीचा स्वभाव. k एक असेल तर साधा भागाकार उरतो. शिसं-आम्ल बॅटरीत तो साधारण १.१ ते १.३ असतो, बॅटरी म्हातारी झाली की वाढतो. १.२ धरून आपले आकडे घाला, उत्तर २४ मिनिटं येतं.

आता त्या ‘हजाराचा घ्या’ सल्ल्याकडे वळू. हजार व्हीएच्या अनेक पेट्यांत तशाच दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे २४ व्होल्ट. तेवढाच टीव्ही चालवायला आता ९ ऐवजी साडेचार अँपिअर पुरतात. त्याच सूत्राने वेळ येतो ५६ मिनिटं. बॅटऱ्या दुप्पट झाल्या आणि वेळ दुपटीहून जास्त झाला, कारण प्रत्येक बॅटरीवरचा उपसा निम्मा झाला. पण हे श्रेय व्हीएचं नाही. हजार व्हीएच्या ज्या पेटीत तशीच एकच बॅटरी असते, तिच्यावर टीव्ही सहाशेच्या पेटीइतकाच वेळ चालेल. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडून आत कोणती बॅटरी आहे आणि किती, हे विचारावं.

वीज चार-चार तास जात असेल तर मात्र अशा यूपीएसचा नाद सोडून इन्व्हर्टर आणि वेगळी मोठी बॅटरी घ्यावी लागते. तिथे हिशेब उलट्या बाजूने करायचा. मोठा इन्व्हर्टर काही न चालवताही पंधरा-वीस वॅट खातो, म्हणून ८० वॅटच्या भारासाठी बॅटरीतून ११० वॅट, म्हणजे पुन्हा ९ अँपिअरच धरू. चार तासांचे झाले ३६ अँपिअर-तास. शिसं-आम्ल बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर लवकर मरते, तेव्हा निम्मीच वापरायची असं ठरवलं तर ७२ हवेत. काही वर्षांनी तिची ताकद वीस टक्के घटेल हे धरलं तर नव्वद. म्हणजे बाजारातली १०० अँपिअर-तासांची बॅटरी.

हीच १०० ची बॅटरी त्याच ९ अँपिअरवर पूर्ण उतरेपर्यंत चालवली तर सूत्र जवळजवळ दहा तास देतं. सातच्या बॅटरीपेक्षा ती चौदापट मोठी आहे, पण वेळ मिळतो जवळपास पंचवीसपट. मोठ्या बॅटरीवर उपसा संथ असतो, हे त्याचं कारण. घेताना एक पाहावं: काही बॅटऱ्यांवर C10 लिहिलेलं असतं, काहींवर C20. दहा तासांत १०० देणारी बॅटरी वीस तासांत १०० देणारीपेक्षा सरस असते, आकडा सारखा दिसला तरी.

बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवली की ‘मोकळी’ होते, असा एक समज आहे. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे आणि शिशाच्या बॅटरीला नुसता जाचक आहे. मेलेल्या बॅटरीला संजीवनी देणाऱ्या पुड्या आणि थेंब यांच्या जाहिरातीही दिसतात. झडून तळाशी बसलेला पट्टीचा माल कुठलीही पुडी पुन्हा पट्टीवर चिकटवत नाही.

इन्व्हर्टरची वीज घरच्या विजेसारख्या साइन वेव्हची, म्हणजे गुळगुळीत लाटेची, आहे का याची चिंता टीव्हीपुरती तरी करू नये. तो आलेली वीज आधी डीसीच करतो, त्यामुळे चौकोनी लाटेवरही चालतो. फार तर स्पीकरमधून थोडी गुणगुण ऐकू येईल. पंखेही त्यावरच चालवायचे असतील तर साइन वेव्ह घ्यावी. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर मात्र ते चालू ठेवा. नाहीतर वीज गेल्यावर बदलायला लागणारा वेळ टीव्हीच्या कपॅसिटरला झेपत नाही आणि सेट-टॉप बॉक्स पहिल्यापासून सुरू होतो.

हे सगळं वाचून एखाद्याच्या डोक्यात येईल, की ६०० व्हीएच्या जुन्या यूपीएसलाच बाहेरून १०० ची बॅटरी जोडली तर? व्होल्टेज जुळतं, टीव्ही चालतोही, आणि अनेकजण हे करतात. पण त्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टरांचे हीट सिंक दहा-वीस मिनिटांच्या कामासाठी बनवलेले असतात. चार तास ते तापत राहिले की आधी वास येण्याची भीती असते, मग धुराची. त्यातून वाचलाच, तर चार्जिंगला अडतो. त्यातला चार्जर एखाद्या अँपिअरचाच असतो. काढलेले ३६ अँपिअर-तास परत भरायला त्याला दीड दिवसाहून जास्त लागतो, आणि उद्या वीज पुन्हा जाणार असते. दहा अँपिअरने भरणारा इन्व्हर्टर तेच काम पाचेक तासांत करतो, शेवटचा टप्पा सावकाश भरतो हे धरूनही. दिवसातून दोनदा वीज जात असेल तर दुसऱ्या खेपेच्या आधी हे पाच तास मिळतात का, तेही बॅटरी घेतानाच मोजून ठेवावं.