अंतर्गत बदलीचे अर्जपत्र

एकाच कंपनीतल्या दुसऱ्या विभागात जाऊ इच्छिणारा कर्मचारी अर्जासोबत जोडतो ते पत्र. खासगी कंपन्यांत काही रिकाम्या जागा आतल्या लोकांसाठीही जाहीर होतात. अशा जाहिरातीला बोलण्यात ‘आयजेपी’ म्हणतात. सरकारी कार्यालयातला बदलीचा विनंतीअर्ज याहून वेगळा. तो वरिष्ठांमार्फत, ‘योग्य मार्गाने’ जातो आणि त्यात घरचे कारण मुख्य असू शकते. आयजेपीच्या पत्रात मात्र कामाविषयी बोलावे लागते.

बाहेरच्या उमेदवाराचे म्हणणे सहसा इतक्या सहज ताडून पाहता येत नाही. इथे नव्या विभागाचा प्रमुख एक फोन करून सगळे विचारू शकतो. त्यामुळे फुगवलेला आकडा लगेच उघडा पडतो, आणि चौघांनी केलेले काम एकट्याच्या नावावर घातले तर उरलेले तिघे त्याच कँटीनमध्ये जेवत असतात.

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीतली एक इंजिनिअर व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे खरेदीतल्या पुरवठादार तयार करणाऱ्या विभागात, जाऊ पाहते आहे. तिने पहिल्या मसुद्यात लिहिले, ‘मी रिजेक्शन कमी करण्यात मोलाचा वाटा उचलला.’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्यांदा तिने असे लिहिले: ‘महिन्याला साधारण ५०,००० ब्रॅकेट जातात. त्यांतले ६० ग्राहकाकडून परत येत होते, आता २० येतात. भोक सरकण्याचे मूळ पुरवठादाराच्या झिजलेल्या फिक्स्चरमध्ये होते. ते मी त्याच्या शॉपवर जाऊन मोजले. नवे फिक्स्चर टूलरूमने बनवले.’ टूलरूमचा उल्लेख केल्याने तिचे श्रेय घटले नाही, उलट बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. शिवाय पुरवठादाराच्या शॉपवर जाणे हेच नव्या विभागाचे रोजचे काम असल्याने तयारीचा पुरावा त्याच वाक्यात आला. विभागातली संक्षिप्त रूपे तिने गाळली, कारण क्वालिटीत रोज बोलले जाणारे ‘पीपीएम’, म्हणजे दर दहा लाख भागांमागे सदोष किती, हे खरेदीवाल्यांना तितके सवयीचे असेलच असे नाही.

तयारी सांगताना उणीव लपवणेही महागात पडते. भागाची किंमत काढणे, म्हणजे कॉस्टिंग, तिला येत नव्हते. तिने ते सरळ लिहिले आणि पुढे जोडले की खरेदी विभागातल्या एका सहकाऱ्याबरोबर बसून दोन भागांची कॉस्टशीट तिने केली आहे. ‘लवकर शिकेन’ एवढेच लिहिले असते तर मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच आला असता.

बहुतेक पत्रे फसतात ती जुन्या विभागाबद्दलच्या परिच्छेदात. ‘इथे वाव नाही’ हे वाक्य साहेबांपर्यंत पोहोचतेच, आणि रिलीज करायचे की अडवायचे ते बऱ्याचदा त्यांच्याच हातात असते. काही कंपन्यांत त्यांची संमती अर्जाआधी लागते, काहींत निवड झाल्यावर. म्हणून एचआरचे धोरण आधी वाचावे आणि बातमी साहेबांना स्वतःच्या तोंडून द्यावी. तक्रारीच्या जागी हँडओव्हर लिहिलेला बरा: कोणती लाइन कोण सांभाळेल, तो माणूस कितपत तयार आहे, चालू ऑडिट कधी संपते. या इंजिनिअरने जाण्याची तारीखही ऑडिटनंतरचीच मागितली.