ऑफर स्वीकारणे आणि नवी ऑफर मांडणे

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी बरीच वर्षे कार्मिक विभागात गेली. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतली मुले ऑफरला पाठवायचे उत्तर अजूनही मला दाखवायला आणतात आणि दर वेळी त्यात तेच वाक्य असते : ‘मी आपली ऑफर आनंदाने स्वीकारतो, मात्र १ जुलैऐवजी १४ जुलै रोजी रुजू होईन.’ लिहिणाऱ्याला ही स्वीकृती वाटते. प्रत्यक्षात ती स्वीकृती नसते, तो त्याने कंपनीपुढे ठेवलेला नवा प्रस्ताव असतो.

‘पत्र मिळाले, आभारी आहे’ ही केवळ पोच आहे, हे बहुतेकांना कळते, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. घोळ होतो तो ‘मात्र’ या शब्दाशी. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. समोरच्याने मांडलेली अट आपण बदलली की मूळ प्रस्ताव नाकारल्यासारखा होतो आणि पुढे हो म्हणायचे की नाही हे त्याच्या हाती जाते. १८४० सालच्या ‘हाइड विरुद्ध रेंच’ या इंग्लंडमधल्या खटल्यात विक्रेत्याने शेताचे १,००० पौंड मागितले होते. खरेदीदाराने ९५० देऊ केले, ते नाकारले गेल्यावर तो १,००० द्यायला तयार झाला, पण तोवर मूळ प्रस्ताव संपलेला होता.

गल्लीतल्या एका मुलाचे असेच झाले. पत्र ९ जूनला आले, त्यात रुजू होण्याची तारीख १ जुलै आणि उत्तराची मुदत १३ जूनपर्यंत होती. सध्याच्या नोकरीत त्याला ३० दिवसांची नोटीस देणे भाग होते, म्हणजे १ जुलै मुळातच शक्य नव्हता. त्याने १२ जूनला वरच्यासारखे ‘मात्र’चे उत्तर पाठवले आणि त्याच दुपारी राजीनामाही देऊन टाकला. कंपनीने आठवडाभराने कळवले की इतके दिवस थांबता येणार नाही. ‘मग मी १ जुलैलाच येतो,’ असे तो म्हणाला खरा, पण तोवर मुदतही उलटून गेली होती आणि त्याच्या हातात दाखवण्यासारखे काही नव्हते. ‘काका, मी तर हो म्हटलं होतं ना?’ असे त्याने मला विचारले, तेव्हा मी ‘मात्र’वर बोट ठेवले.

त्याने ९ जूनलाच, काहीही न स्वीकारता, एवढेच विचारायला हवे होते : ‘राजीनामा १२ जूनला दिला, तर माझी नोटीस ११ जुलैला, शुक्रवारी संपते, रुजू होण्याची तारीख सोमवार, १४ जुलै करता येईल का?’ नुसत्या चौकशीने मूळ ऑफर मोडत नाही. सुधारित पत्र आल्यावर त्याच ईमेलच्या धाग्यात, मुदतीच्या आत उत्तर द्यावे : पदाचे नाव, पत्राची तारीख, ‘पत्रातील अटींनुसार स्वीकारत आहे’ आणि ‘१४ जुलै रोजी रुजू होईन’. पत्रात सही करून प्रत पाठवा असे म्हटले असेल, तर सही केलेली प्रत जोडलीच पाहिजे. राजीनामा त्यानंतर. तारीख फोनवर मान्य झाली असेल, तरी ती लेखी येईपर्यंत मी राजीनामा देऊ देत नाही, आणि या बाबतीत मी हट्टी आहे.

आपण लिहिलेले कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायला माझी एक कसोटी आहे. कंपनीचे उत्तर ‘नाही, जमणार नाही’ असे आले, अशी कल्पना करावी. त्या नकारानंतरही तुमचा होकार जसाच्या तसा उभा राहत असेल, तर ती स्वीकृती. तो त्याबरोबर कोसळत असेल, तर तो प्रस्ताव.

कागदपत्रांनाही हीच कसोटी लावावी. ‘आधीच्या कंपनीचे कार्यमुक्ती पत्र रुजू झाल्यानंतर १५ दिवसांत देईन’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण ऑफरमध्ये ते रुजू होण्याच्या दिवशीच मागितले असेल, तर तुम्ही पुन्हा अट बदलली. हे पत्र नोटीस संपल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून तोवर राजीनामा मंजूर झाल्याची प्रत चालेल का, हे तारखेच्या प्रश्नासोबतच विचारून घ्यावे. पॅन, आधार, गुणपत्रिका, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या यांची यादी सरळ असते. जे जोडले ते आणि जे नंतर येणार ते वेगवेगळे लिहावे. ‘सर्व कागदपत्रे सोबत जोडली आहेत’ हे सरसकट वाक्य मला मुळीच खपत नाही, कारण त्यातला एखादा कागद नेहमी राहिलेलाच असतो.

वैद्यकीय तपासणी कुठे, पहिल्या दिवशी किती वाजता कोणाला भेटायचे, हे प्रश्न स्वीकृतीच्या उत्तरात शेवटी खुशाल विचारावेत. फक्त ‘हे कळल्यावर माझा होकार समजावा’ असे त्यांना जोडू नये.